फुग्यावरचा काळा ठिपका

साबणाचा फुगा फुटण्याच्या थोडं आधी काळा पडतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. सगळा फुगा नव्हे, त्याचा माथा. आपण बघतो ते त्यावरचे जांभळे-हिरवे-सोनेरी रंग, आणि मुलं बघतात ती फक्त तो फोडायची संधी. पण वारा नसलेल्या जागी एखादा फुगा स्थिर राहिला आणि मागे गडद रंगाचं काही असलं, तर दिसतं की वरचे रंग हळूहळू खाली सरकतात, माथ्याशी रुपेरी पांढुरकेपणा येतो, आणि मग त्यात एक काळा ठिपका उमटतो. काजळासारखा काळा नव्हे. तिथे फुगा आहे की भोक पडलंय असा संशय यावा, असा रिकामा काळा.

या ठिपक्याने माणसांना जवळजवळ सव्वादोनशे वर्षं कामाला लावलं. रंग कुठून येतात, फुगा पातळ का होतो, आणि तो इतका वेळ टिकतो तरी कसा, हे तिन्ही प्रश्न त्याच्यापाशी येऊन मिळतात. मी कला शाखेची पदवीधर. पदार्थविज्ञान माझ्या वाट्याला शाळेपुरतंच आलं. पण ही हकिकत वाचत गेले तेव्हा कळलं की यात समीकरणांपेक्षा नीट बघत बसण्याचं काम जास्त आहे, आणि ते काम एका बाईने तर घरच्या मोरीशी उभं राहून केलेलं आहे. तिच्यापाशी पोचायला मात्र आधी लंडनला जावं लागेल.

२८ मार्च १६७२ या दिवशी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या बैठकीत रॉबर्ट हूक यांनी साबणाच्या फुग्यांबद्दल एक टिपण सादर केलं. सोसायटीपुढे प्रयोग करून दाखवणं ही त्यांची नेमून दिलेली नोकरीच होती. सात वर्षांपूर्वी, १६६५ साली, त्यांचं ‘मायक्रोग्राफिया’ हे सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या गोष्टींवरचं पुस्तक निघालं होतं. त्यात त्यांनी अभ्रकाचे पापुद्रे सोडवून पाहिले होते आणि नोंदवलं होतं की पापुद्रा जाड असला की त्यात रंग दिसत नाहीत, पुरेसा पातळ झाला की दिसतात. म्हणजे रंग अभ्रकात नाहीत, रंगांचा संबंध त्याच्या पातळपणाशी आहे.

आता त्यांनी काचेच्या बारीक नळीने साबणाच्या पाण्याचे छोटे फुगे काढले. आधी फुगा नितळ दिसला, मग त्यावर रंगांची वलयं आली, आणि शेवटी रंग जाऊन जणू भोकंच पडली. पण भोक पडलं असतं तर फुगा फुटायला हवा होता. तो तर तसाच उभा. तेव्हा तिथे काहीतरी आहे खास, पण ते उजेड परत पाठवत नाही. हूक यांनी कोडं बरोबर पकडलं. पापुद्रा नेमका किती जाड असला की कोणता रंग दिसतो, हे मोजण्याची युक्ती मात्र त्यांच्या हाती लागली नाही.

ती सापडली आयझॅक न्यूटन यांना. या दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे. हूक १७०३ मध्ये वारले आणि न्यूटन यांचं प्रकाशावरचं मोठं पुस्तक ‘ऑप्टिक्स’ १७०४ मध्ये छापून आलं. फुग्यांवरची निरीक्षणं त्यात आहेत. न्यूटन यांनी केलेली पहिली गोष्ट आपल्या लक्षात येण्यासारखी आहे. त्यांनी फुग्यावर स्वच्छ काचेचं झाकण घातलं, कारण हवेच्या जराशा हलण्याने रंग एकमेकांत मिसळून जात. झाकणाखाली फुगा शांत झाला आणि रंग नीट रांगेत आले. माथ्याभोवती गोल वलयं उमटत, मोठी होत होत खाली उतरत आणि तळाशी जाऊन नाहीशी होत. मागून नवी वलयं येत.

त्यांचा क्रम दर वेळी तोच असे. आधी फिकट लाल आणि हिरवट पट्टे आलटून पालटून. मग रंग गडद होत जात. शेवटच्या दोन फेऱ्या सगळ्यांत स्पष्ट: एका फेरीत लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, आणि अखेरच्या फेरीत लाल, पिवळा, पांढरा, थोडा निळसर, आणि मग काळा. काळा ठिपका माथ्यावर उमटून पसरत जाई, कधी कधी अर्ध्या-पाऊण इंचापर्यंत, आणि मग फुगा फुटे. क्रम कधीही उलटा नाही. हिरव्यानंतर पुन्हा फिकट गुलाबीकडे जाऊन मग काळा, असं होत नसे.

यातून एकच अर्थ निघतो. फुग्यातलं पाणी वरून खाली ओघळतं, त्यामुळे माथा सतत पातळ होत जातो, आणि प्रत्येक जाडीला तिचा तिचा रंग ठरलेला आहे. आपण साखरेचा पाक करताना दोन बोटांत धरून बघतो. एकतारी झाला की दोनतारी, हे तार सांगते. पातेल्यात थर्मामीटर कुणी घालत नाही. तसा फुग्याचा रंग त्याच्या पापुद्र्याची जाडी सांगतो. न्यूटन यांनी सपाट काचेवर अगदी कमी फुगीर असं भिंग ठेवून, दोन्हींमधल्या हवेच्या फटीत दिसणाऱ्या रंगीत वलयांवरून या जाडीचे आकडेही काढले. भिंगाचा बाक माहीत असला की मध्यापासून अमुक अंतरावर फट किती रुंद आहे, हे हिशेबाने निघतं. त्यांचे आकडे आजच्या आकड्यांना धरून आहेत, आणि त्यांच्याकडे होती फक्त भिंगं, कंपास आणि धीर.

ही जाडी किती? आज ती नॅनोमीटरमध्ये सांगतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. शेवटच्या फेरीतला लालसर जांभळा रंग येतो तेव्हा पापुद्रा साधारण २०० नॅनोमीटर जाड असतो. असे चारशे पापुद्रे एकावर एक ठेवले तर आपल्या डोक्यावरच्या एका केसाएवढी जाडी होईल. इतकं बारीक माप साध्या डोळ्यांना, एकही उपकरण न घेता, रंगावरून कळतं.

पण कोणत्या जाडीला कोणता रंग, हे ठरतं कशावरून? प्रकाश म्हणजे कणांचा मारा, असं न्यूटन यांचं मत होतं. त्या मताने रंगांचं उत्तर देताना त्यांना ओढाताण करावी लागली: कणांना ठरावीक अंतराने कधी परत फिरण्याची, कधी पार जाण्याची लहर येते, अशा अर्थाचं काहीतरी त्यांनी मांडलं. खरं उत्तर यायला आणखी शंभर वर्षं गेली. ते दिलं टॉमस यंग या लंडनच्या डॉक्टरने, नोव्हेंबर १८०१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात. यंग म्हणाले, प्रकाश लाटांसारखा वागतो असं धरून बघा.

हौदात दोन खडे जवळजवळ टाकले की दोन लाटांची वर्तुळं एकमेकांतून जातात. जिथे एकीचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्यावर येतो तिथे पाणी जास्त उचललं जातं. जिथे उंचवट्यावर खोलगा येतो तिथे दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि पाणी जागच्या जागी राहतं. यालाच आता आपण शाळेच्या पुस्तकात व्यतिकरण म्हणतो. साबणाच्या पापुद्र्याला दोन अंगं आहेत, बाहेरचं आणि आतलं. उजेड पडला की थोडा भाग बाहेरच्या अंगावरून परततो आणि थोडा आत शिरून आतल्या अंगावरून परततो. आपल्या डोळ्यांत या दोन लाटा एकत्र येतात. दुसरीला पापुद्र्यातून जाऊन-येऊन जास्त अंतर पडलेलं असतं, आणि ते अंतर म्हणजे पापुद्र्याच्या जाडीची दुप्पट.

इथे एक खोच आहे, आणि काळ्या ठिपक्याचं गुपित तिच्यातच आहे. कपडे वाळत घालायची दोरी एका टोकाला हुकाला बांधा आणि दुसरं टोक हातात धरून एक झटका द्या. दोरीवरून वरच्या बाजूने गेलेला फुगवटा हुकाला आपटून परत येतो तो खालच्या बाजूने, उलटा होऊन. टोक मोकळं असतं तर तो सुलटाच परतला असता. हवेतून आलेला प्रकाश पाण्यावर आपटून परततो तेव्हा तो असाच उलटा होतो. पाण्यातून हवेच्या कडेवर आपटून परततो तेव्हा सुलटाच राहतो. म्हणजे आपल्या दोन लाटांपैकी बाहेरची उलटी आणि आतली सुलटी.

आता २०० नॅनोमीटरचा तो पापुद्रा घेऊन हिशेब करू. हिरव्या उजेडाची एक लाट हवेत साधारण ५४० नॅनोमीटर लांब असते. पाण्यात ती आखडून सुमारे ४०० होते. पापुद्र्यातून जाऊन-येऊन अंतर पडलं दोनशे अधिक दोनशे, म्हणजे ४००. बरोबर एक पूर्ण लाट. अंतरामुळे दोन्ही लाटा जुळायला हव्या होत्या, पण एक उलटी झालेली आहे. म्हणून हिरवा रंग स्वतःला खाऊन टाकतो. पांढऱ्या उजेडातून हिरवा गेला की लाल आणि निळा उरतात, आणि डोळ्याला लालसर जांभळा दिसतो. पापुद्रा आणखी पातळ होऊन १७० च्या आसपास आला की निळ्याची पाळी येते. निळा गेला की पिवळा दिसतो. म्हणजे फुग्यावर दिसणारा रंग कुणी घातलेला नसतो. पांढऱ्यातून काय वजा झालं, ते आपण बघत असतो. उलट पापुद्रा फार जाड असला तर एकाच वेळी बऱ्याच रंगांमधला थोडा थोडा भाग वजा होतो, म्हणून नव्या फुग्यावर फिकट गुलाबी-हिरवट छटा दिसतात, आणि त्याहून जाड असला तर काहीच दिसत नाही. हूक यांच्या जाड अभ्रकाचं उत्तर हेच.

सुमारे १०० नॅनोमीटरला जवळजवळ सगळे रंग परत येतात आणि माथा रुपेरी होतो. आणि त्याखाली जाऊन पापुद्रा २०-३० नॅनोमीटरवर आला की जाऊन-येऊन अंतर नगण्य होतं. आता फक्त उलट-सुलटचा फरक उरतो. तो कोणत्याही एका रंगापुरता नाही. लाल, हिरवा, निळा सगळेच एकमेकांना पुसून टाकतात. उजेड जवळजवळ परत येतच नाही. म्हणून काळा. हूक यांना जे भोक वाटलं, ते फुग्याचं सगळ्यांत पातळ अंग होतं.

हे उत्तर छान जमलं, पण जमवलेलं तर नाही? यंग यांनी त्याची परीक्षा घेतली. एक लाट उलटी आणि एक सुलटी म्हणून मधला ठिपका काळा येत असेल, तर दोन्ही लाटा सारख्याच फिरतील अशी मांडणी केल्यावर तो पांढरा यायला हवा. त्यांनी दोन निरनिराळ्या जातींची काच घेतली आणि दोन्हींच्या मध्ये सॅसाफ्रास नावाच्या झाडाचं तेल भरलं. प्रकाशाच्या दृष्टीने हे तेल एका काचेहून घन आणि दुसरीहून विरळ असतं, म्हणून दोन्ही अंगांवर सारखाच प्रकार होतो. मध्यभागी ठिपका दिसला, तो पांढरा. आधी सांगून मग दाखवलेली ही गोष्ट होती. तरी ‘एडिंबरा रिव्ह्यू’ या नियतकालिकात १८०३ मध्ये हेन्री ब्रूम यांनी यंग यांची भरपूर टर उडवली. न्यूटनच्या विरुद्ध बोलणं इंग्लंडात कुणाला रुचणारं नव्हतं. पुढे फ्रान्समधल्या फ्रेनेल यांच्या कामानंतर लाटांची बाजू मान्य झाली.

रंगांचं कोडं सुटलं. उरला दुसरा प्रश्न: पापुद्रा पातळ का होतो आणि शेवटी तुटतो का? ओघळणं हे एक कारण झालं. दुसरं कारण आपण रोज अंगणात बघतो. ओलं फडकं पसरून टाकलं की लवकर वाळतं, चुरगळून ठेवलं की वाळत नाही. फुगा म्हणजे अगदी पूर्ण पसरलेलं पाणी. थेंबभर पाणी, पण त्याला आतून-बाहेरून दोन्हीकडे हवा. बाहेरची हवा कोरडी असली की त्याचं बाष्पीभवन झपाट्याने होतं. म्हणूनच आमच्या बेळगावच्या श्रावणात हवेत ओल असताना सोडलेले फुगे अंगणभर तरंगत जातात, आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी हाताच्या अंतरावर फुटतात. साबण तोच, फुंकर तीच.

या वाळण्यावर इलाज शोधला बेल्जियममधल्या गेंट गावच्या जोसेफ प्लाटो या प्राध्यापकांनी. त्यांनी साबणाच्या पाण्यात ग्लिसरिन घातलं. ग्लिसरिन पाण्याला धरून ठेवतं, सहज उडू देत नाही. ओठ फुटले की आपण ते लावतो ते याच गुणासाठी. त्याने पाणी दाटही होतं आणि सावकाश ओघळतं. प्लाटोंचे पापुद्रे तासन्‌तास टिकत. तारेच्या सांगाड्यांवर ताणलेल्या अशा पापुद्र्यांचे आकार आणि नियम त्यांनी १८७३ च्या आपल्या ग्रंथात मांडले, आणि आजही ते नियम त्यांच्याच नावाने ओळखले जातात. यातली विलक्षण गोष्ट म्हणजे या बहुतेक काळात प्लाटो पूर्ण आंधळे होते. १८४३ च्या सुमारास त्यांची दृष्टी गेली. काय करायचं ते ते सांगत, घरची माणसं आणि शिष्य पापुद्रे ताणून बघत आणि काय दिसतं ते त्यांना सांगत. हा शास्त्रीय ग्रंथ कानांनी ऐकून तयार झाला.

तिसरा प्रश्न मात्र अजून शिल्लक होता, आणि तो सगळ्यांत अवघड. फुगा फुटतो का, यापेक्षा तो टिकतोच कसा? नुसत्या पाण्याचा फुगा होत नाही. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या रबरासारखा आत ओढत असतो. याला पृष्ठताण म्हणतात. आपल्याला वाटतं, साबणाने ती ओढ वाढत असेल, म्हणून फुगा मजबूत होतो. खरं उलट आहे. साबणाने पृष्ठताण एक तृतीयांशाच्या आसपास येतो. मग कमी ओढीचा पापुद्रा टिकतो आणि जास्त ओढीचा टिकत नाही, हे कसं?

इथे आपण मोरीशी येतो. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात आग्नेस पोकल्स नावाची मुलगी राहत होती. जन्म १८६२ चा. मुलींच्या शाळेत तिला विज्ञानाची गोडी लागली, पण तेव्हा तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. आई-वडील दोघंही आजारी, त्यांची शुश्रूषा आणि घर तिच्याकडे. धाकटा भाऊ पदार्थविज्ञान शिकायला ग्यॉटिंगेनला गेला आणि बहिणीला पुस्तकं पाठवू लागला. भांडी धुताना पाण्यावरच्या तवंगाकडे बघता बघता तिचं काम सुरू झालं, असं सांगतात. अठरा-वीस वर्षांच्या वयात तिने स्वतःचं यंत्र बनवलं: पाण्याने काठोकाठ भरलेला पत्र्याचा उथळ ट्रे, आणि त्याच्या काठांवर आडवी टेकवलेली पत्र्याची पट्टी. पट्टी सरकवली की तिच्या एका बाजूचा पृष्ठभाग आकसतो किंवा पसरतो. पृष्ठताण मोजायला एका साध्या तराजूला बटणाएवढी चकती टांगलेली. ती पाण्यावरून सोडवायला किती वजन लागतं, ते बघायचं.

तिला आढळलं ते असं. पाण्यावर तवंग असताना पट्टी सरकवून पृष्ठभाग पसरू दिला की तवंग विरळ होतो आणि पृष्ठताण वाढतो. पृष्ठभाग आवळला की तवंग दाट होतो आणि एका मर्यादेनंतर पृष्ठताण घटत जातो. नुसत्या स्वच्छ पाण्याचं तसं नाही. त्याला कितीही पसरा-आवळा, ओढ तीच राहते.

आता हे फुग्याला लावून बघा. पापुद्रा एखाद्या जागी ताणून पातळ झाला की तिथला साबण विरळ होतो, म्हणून तिथली ओढ वाढते. ती वाढलेली ओढ आजूबाजूचा साबण आणि त्याच्याबरोबर पाणीही त्या पातळ जागेकडे खेचून आणते आणि जागा पुन्हा भरून निघते. जिथे जातं तिथेच रफू होतं. नुसत्या पाण्याला ही सोय नाही. पातळ जागेची ओढ आणि जाड जागेची ओढ सारखीच, म्हणून पातळ झालं ते तुटतंच. साबण फुग्याला ताकद देत नाही, दुरुस्तीची सोय देतो.

दहा वर्षं ही निरीक्षणं घरातच पडून होती. पोकल्स यांना कळलं की इंग्लंडात लॉर्ड रॅली याच विषयावर काम करताहेत, तेव्हा जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. रॅली यांच्या पत्नीने त्याचं भाषांतर केलं. रॅली यांनी ते ‘नेचर’ या साप्ताहिकाकडे पाठवून छापण्याची शिफारस केली, आणि १२ मार्च १८९१ च्या अंकात ते आलं. रॅली यांचा मोठेपणा असा की हे काम माझ्याआधी या बाईंनी केलं आहे, हे त्यांनी झाकलं नाही. ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने पोकल्स यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९३२ मध्ये, त्यांच्या सत्तराव्या वर्षी. त्यांच्या पत्र्याच्या ट्रेची सुधारलेली आवृत्ती प्रयोगशाळांत आजही वापरतात. तिला नाव मात्र दुसऱ्या माणसाचं आहे.

त्याच १८९१ साली रॅली यांनी लंडनमधल्या एका व्याख्यानात फुटणाऱ्या साबणाच्या पापुद्र्याचे फोटो दाखवले. विजेच्या क्षणभर ठिणगीच्या उजेडात काढलेले. त्यांत दिसतं की पापुद्रा एकदम नाहीसा होत नाही. एका जागी भोक पडतं आणि त्याची कड मागे मागे पळत जाते, वाटेतलं पाणी गोळा करत. १०० नॅनोमीटरच्या पापुद्र्यात ही कड सेकंदाला वीसेक मीटर वेगाने धावते, म्हणजे हमरस्त्यावरच्या गाडीच्या वेगाने. लिंबाएवढा फुगा म्हणूनच सेकंदाच्या शंभराव्या भागाच्याही आत संपतो आणि आपल्याला तो ‘फट्‌’कन गेल्यासारखा वाटतो.

भोक पडलं की फुगा गेलाच, असंही नाही. भोक पापुद्र्याच्या जाडीपेक्षा लहान असेल तर पृष्ठताण ते बुजवून टाकतो. मोठं असेल तर तोच पृष्ठताण ते फाडत नेतो. जाड पापुद्र्याला बारीक कण, जरासा धक्का चालून जातो. काळ्या पडलेल्या माथ्याला तो चालत नाही, कारण तिथे धुळीचा कणही जाडीच्या मानाने डोंगराएवढा असतो. रफू करायला आजूबाजूला पाणीही शिल्लक नसतं. कोरडं बोट लावलं की फुगा फुटतो आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट आरपार जातं, तेही यामुळेच: कोरडं बोट पाणी ओढून घेतं, ओलं बोट पापुद्र्यातच सामील होतं.

मग काळा ठिपका म्हणजे मरण का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स ड्यूअर यांनी याचं उत्तर दिलं. थर्मास ज्यांच्या कल्पनेतून आला तेच हे ड्यूअर. त्यांनी धूळ काढून टाकलेल्या, ओलसर हवेच्या बंद भांड्यात फुगे आणि पापुद्रे ठेवले. ते पातळ होत होत काळे पडले, आणि तसेच काळे काही महिने टिकले. म्हणजे पातळ होण्यानेच फुगा मरतो असं नाही. पातळ झालेल्या फुग्याला कोरडी हवा, धूळ आणि धक्का मारतात. काळा रंग एवढंच सांगतो की आता त्याला काहीही सोसणार नाही.

हे सगळं घरी बघायला फुगाही लागत नाही. एक वाटी गाळलेल्या पाण्यात दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड आणि औषधाच्या दुकानातलं चमचाभर ग्लिसरिन हलक्या हाताने मिसळा, फेस येऊ देऊ नका. अंगाच्या साबणाचा चुरा घालणार असाल तर बोअरच्या जड पाण्यात त्याचा चोथा होतो, तेव्हा मऊ पाणी घ्या. एका कपाचं तोंड त्यात बुडवून पापुद्रा घ्या आणि कप आडवा धरा, म्हणजे पापुद्रा उभा राहील. कप आतून गडद रंगाचा असला तर उत्तम. पंखा बंद, पाठीमागे खिडकी, आणि खिडकीचं प्रतिबिंब पापुद्र्यात दिसेल असा कोन. काही वेळाने वरून खाली आडवे पट्टे उतरू लागतील. रंग नुसतेच गोल गोल फिरत राहिले आणि पट्टे लागले नाहीत, तर कुठून तरी वारा येतोय असं समजा. पट्टे फिकेच राहून पापुद्रा फुटला, तर हवा कोरडी आहे. कपावर आधी ओलं फडकं फिरवा. सगळं जमलं तर वरच्या कडेला पिवळा येईल, मग रुपेरी, आणि त्याच्या वर, कडा अगदी स्पष्ट असलेला, काळा पट्टा. त्या पट्ट्यात खिडकी दिसणार नाही. पण कपाच्या तोंडावर हळूच फुंकर घातलीत तर तो काळा भागही बाकीच्या पापुद्र्याबरोबर आत लवेल आणि परत येईल. तिथे भोक नाही, पाणीच आहे.